फोन सेलशी पहिल्यांदा बोलतो तेव्हा: रँडम ॲक्सेसच्या चार पायऱ्या आणि प्रीॲम्बलची टक्कर

सेलमध्ये कोणत्या फोनने कोणत्या मिलिसेकंदाला, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर पाठवायचं हे बेस स्टेशन ठरवतं. पण नुकताच चालू झालेला फोन बेस स्टेशनला माहीतच नसतो. त्याच्यासाठी जागा राखलेली नसते, आणि जागा मागायची तर त्यासाठीही आधी काहीतरी पाठवावं लागतं. या कोड्यातून वाट काढायला एलटीईमध्ये एक मोकळं दार ठेवलेलं असतं. ठरलेल्या वेळी ते उघडतं आणि कोणीही त्यावर टकटक करू शकतो. या टकटकीपासून ओळख पटेपर्यंतचा सगळा व्यवहार म्हणजे रँडम ॲक्सेस.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे. टकटक ऐकून बेस स्टेशनला एवढंच कळतं की दारात कोणीतरी आहे. कोण आहे ते कळत नाही. नाव सांगायची पाळी तिसऱ्या पायरीवर येते, म्हणून दोघांनी एकच टकटक केली असेल तर ते उघडकीलाही तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच येतं.

हा लेख एलटीईच्या एफडीडी सेलपुरता आहे आणि त्यातही फोन आयडल अवस्थेतून स्वतःहून जोडणी मागतो त्या प्रसंगापुरता. ५जीमध्ये मांडणी हीच आहे. तिथे टकटकीची वेळ आणि जागा बीमशी बांधलेली असते आणि काही नावं बदलतात, पण चार संदेशांचा क्रम तोच राहतो.

टकटक करण्याआधी फोनला काय माहीत असावं लागतं

फोन आधी फक्त ऐकतो. सिंक्रोनायझेशन सिग्नल शोधून तो फ्रेमची वेळ पकडतो, सेलचा क्रमांक ओळखतो आणि मग सेल सतत प्रसारित करत असलेली सिस्टम माहिती वाचतो. रँडम ॲक्सेससाठी लागणारं सगळं SIB2 या ब्लॉकमध्ये असतं. लॉगमध्ये तो उघडलात की इतर बऱ्याच ओळींबरोबर हे आकडे दिसतील. पुढचं उदाहरण याच आकड्यांवर चालवलं आहे.

```
numberOfRA-Preambles               n52
powerRampingStep                   dB2
preambleInitialReceivedTargetPower dBm-104
preambleTransMax                   n10
ra-ResponseWindowSize              sf10
mac-ContentionResolutionTimer      sf64
maxHARQ-Msg3Tx                     4
rootSequenceIndex                  22
prach-ConfigIndex                  3
zeroCorrelationZoneConfig          9
referenceSignalPower               18
```

`prach-ConfigIndex` दार कधी उघडतं ते सांगतो. ३ म्हणजे प्रत्येक फ्रेममधल्या १ क्रमांकाच्या सबफ्रेमला. फ्रेम १० मिलिसेकंदांची आणि सबफ्रेम १ मिलिसेकंदाची, म्हणजे दार सेकंदाला १०० वेळा उघडतं. रुंदीला ते ६ रिसोर्स ब्लॉक असतं, १.०८ मेगाहर्ट्झ. बाकीचे आकडे त्यांची पाळी आली की पाहू.

पायरी १: प्रीॲम्बल

टकटक म्हणजे प्रीॲम्बल. प्रत्येक सेलमध्ये ६४ प्रीॲम्बल असतात. त्यांत अक्षरं नसतात, क्रमांक नसतो, फोनची ओळखही नसते. प्रीॲम्बल म्हणजे ८३९ नमुन्यांची एक ठरलेली गणिती मालिका असते आणि नेहमीच्या प्रकारात ती ८०० मायक्रोसेकंद चालते. बेस स्टेशन आलेला सिग्नल त्या मालिकेशी ताडून पाहतं. जुळला की आलेखात एक टोकदार शिखर उभं राहतं.

६४ प्रीॲम्बल म्हणजे ६४ वेगळ्या मालिका असा समज होतो, पण तसं नाही. एकच मूळ मालिका गोल फिरवून तिच्यातून अनेक प्रीॲम्बल काढतात. किती फिरवायचं ते `zeroCorrelationZoneConfig` सांगतो. आपल्या उदाहरणातला ९ म्हणजे दर ५९ नमुन्यांनी एक प्रीॲम्बल. ८३९ ला ५९ ने भागलं की १४ भरतात, तेव्हा एका मूळ मालिकेतून १४ प्रीॲम्बल मिळतात आणि ६४ साठी ५ मूळ मालिका लागतात. ५९ नमुन्यांची ही खिडकी दोन कामं करते. शिखर कोणत्या खिडकीत आलं त्यावरून प्रीॲम्बलचा क्रमांक कळतो, आणि खिडकीच्या सुरुवातीपासून किती सरकून आलं त्यावरून फोन किती लांब आहे ते कळतं. एक नमुना ०.९५ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे जाऊन-येऊन धरता सुमारे १४३ मीटर अंतराचा. ५९ नमुन्यांत जेमतेम ८.४ किलोमीटर मावतात, आणि परावर्तनांसाठी थोडी जागा सोडावी लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. सेल याहून मोठा ठेवला तर लांबचा फोन शेजारच्या खिडकीत डोकावतो. बेस स्टेशन त्याला भलताच क्रमांक देतं, फोन आपल्या क्रमांकाचं उत्तर शोधत बसतो आणि ते कधीच येत नाही.

६४ पैकी सगळे प्रीॲम्बल फोनच्या मर्जीवर नसतात. `numberOfRA-Preambles` इथे ५२ आहे. उरलेले १२ बेस स्टेशन स्वतःच्या हाताने वाटतं, मुख्यतः हँडओव्हरच्या वेळी. ते एका वेळी एकाच फोनकडे असल्याने तिथे टक्कर होत नाही. आपला फोन मात्र ५२ मधून एक चिठ्ठी डोळे मिटून उचलतो. त्यातही दोन गट पाडता येतात, मोठ्या संदेशासाठी वेगळा आणि लहानासाठी वेगळा. इथे गट पाडलेले नाहीत असं धरू.

आता किती जोरात ठोठावायचं? बेस स्टेशनपाशी प्रीॲम्बल −१०४ डीबीएमने पोचावा अशी अपेक्षा आहे. वाटेत किती कमी होणार याचा अंदाज फोन उलट्या बाजूने घेतो. बेस स्टेशन आपला संदर्भ सिग्नल १८ डीबीएमने पाठवतं असं SIB2 सांगतो आणि फोनला तो −१०२ डीबीएम मिळतो आहे. म्हणजे वाटेत १२० डीबी गेले. −१०४ मध्ये १२० मिळवले की १६ डीबीएम, म्हणजे सुमारे ४० मिलिवॅट. उत्तर आलं नाही तर पुढच्या वेळी २ डीबी वाढवून १८, मग २०, मग २२. त्यानंतर २४ व्हायला हवं, पण साध्या फोनची कमाल २३ आहे. तिथून पुढचे सगळे प्रयत्न २३ वरच अडकतात. लॉगमध्ये २३ चा आकडा ओळीने दिसला आणि एकदाही उत्तर आलेलं नसेल, तर टकरीचा विचार सोडा, फोन ऐकूच जात नाहीये.

पायरी २: उत्तर, पण कोणाला?

प्रीॲम्बल संपला त्या सबफ्रेमपासून तिसऱ्या सबफ्रेमला फोन कान टवकारतो आणि `ra-ResponseWindowSize` एवढा वेळ ऐकत राहतो, इथे १० सबफ्रेम. उत्तराच्या घोषणेवर जो पत्ता असतो त्याला आरए-आरएनटीआय म्हणतात. एफडीडीमध्ये त्याचं सूत्र अगदी साधं आहे:

```
RA-RNTI = 1 + t_id
```

`t_id` म्हणजे प्रीॲम्बल ज्या सबफ्रेममध्ये गेला तिचा क्रमांक. १ मध्ये गेला तर पत्ता २. म्हणजे हा पत्ता फोनचा नसून वेळेचा आहे. त्या सबफ्रेममध्ये ज्यांनी ज्यांनी टकटक केली ते सगळे हाच पत्ता ऐकत असतात. उत्तराच्या आत प्रत्येक ओळखलेल्या प्रीॲम्बलचा सहा बिटांचा क्रमांक आणि त्याच्या वाट्याचे सहा बाइट असतात. त्यांत तीन गोष्टी येतात. ११ बिटांचा टायमिंग ॲडव्हान्स म्हणजे किती लवकर पाठवायला सुरुवात करायची, २० बिटांची परवानगी म्हणजे पुढचा संदेश कोणत्या जागी पाठवायचा, आणि १६ बिटांचा तात्पुरता सी-आरएनटीआय म्हणजे तोवर वापरायचं टोपणनाव.

टायमिंग ॲडव्हान्सची एक पायरी ०.५२ मायक्रोसेकंदाची, अंतरात ७८ मीटरची. त्याशिवाय का भागत नाही ते पाहा: १ किलोमीटरवरच्या फोनचा सिग्नल जाऊन-येऊन सुमारे ६.७ मायक्रोसेकंद उशिरा पोचतो आणि एलटीईच्या नेहमीच्या सिंबॉलला मिळणारी सवड ४.७ मायक्रोसेकंदांची आहे. प्रीॲम्बलला मात्र मुद्दाम १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास मोकळीक दिलेली असते, कारण तो पाठवताना अंतर कोणालाच ठाऊक नसतं.

याच उत्तरात कधी कधी बॅकऑफचाही आकडा येतो, उदाहरणार्थ २० मिलिसेकंद. त्याचा अर्थ असा की हा प्रयत्न फसला तर ० ते २० मधला एखादा यादृच्छिक काळ थांबून मगच परत या. हा आकडा कोण्या एका प्रीॲम्बलसाठी नसतो. उत्तर ऐकणारा प्रत्येक फोन तो लिहून ठेवतो.

पायरी ३: आता नाव सांगायचं

उत्तर ज्या सबफ्रेममध्ये आलं तिच्यापासून सहसा सहाव्या सबफ्रेमला फोन मेसेज ३ पाठवतो. त्यात जोडणीची विनंती असते. यापूर्वी नेटवर्कने दिलेली तात्पुरती ओळख फोनकडे असेल आणि ती इथे लागू असेल तर तिचे ४० बिट, नसेल तर फोनने स्वतः निवडलेला ४० बिटांचा यादृच्छिक आकडा. पुढे कारणाचे ३ बिट, १ रिकामा, आणि संदेशाचा व ओळखीचा प्रकार सांगणारे ४ बिट. एकूण ४८. हे ४८ बिट ध्यानात ठेवा, चौथ्या पायरीचा सगळा न्याय त्यांवरच होतो.

संदेश नीट पोचला नाही तर बेस स्टेशन नकार कळवतं आणि फोन ८ मिलिसेकंदांनी तोच पुन्हा पाठवतो. किती वेळा ते `maxHARQ-Msg3Tx` ठरवतो, इथे एकूण ४ वेळा.

पायरी ४: कोणाचं नाव लागलं

मेसेज ३ जाताच फोन `mac-ContentionResolutionTimer` सुरू करतो, इथे ६४ मिलिसेकंद. प्रत्येक पुनर्प्रेषणाला हा टायमर पहिल्यापासून सुरू होतो. नवख्यांचा हिशेब चुकतो तो इथेच. बेस स्टेशनला ज्याचा संदेश वाचता आला त्याचे ४८ बिट ते जसेच्या तसे परत पाठवतं, सहसा जोडणीच्या सेटअप संदेशाबरोबरच. फोन ते आपल्या ४८ बिटांशी ताडतो. जुळले तर टोपणनाव कायमचं होतं आणि फोन पोच देतो. जुळले नाहीत तर फोन गप्प बसतो. नकारही पाठवत नाही, कारण ज्याचं नाव लागलं त्याची पोच त्याच जागी येणार असते आणि हरलेल्याने तिथे बोलणं म्हणजे ती बिघडवणं.

टक्कर, मिलिसेकंदागणिक

आता दोन फोन घेऊ. अ बेस स्टेशनपासून १ किलोमीटरवर आणि मोकळ्यावर आहे. ब १.२ किलोमीटरवर, इमारतीच्या आड आहे. ५०० क्रमांकाच्या फ्रेममध्ये, १ क्रमांकाच्या सबफ्रेमला दोघेही टकटक करतात आणि दोघांच्याही हाती चिठ्ठी १७ लागते.

अंतरातला फरक २०० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १.३३ मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण दीड नमुना. बेस स्टेशनच्या आलेखात दोन सुटी शिखरं उभी राहत नाहीत. एकच थोडं पसरट शिखर दिसतं, आणि तसं शिखर एकट्या फोनचंही दिसू शकतं, त्याचा सिग्नल भिंतींवरून परावर्तित होऊन दोनदा पोचला की. त्यामुळे पहिल्या पायरीवर टक्कर ओळखायची सोय बेस स्टेशनला नाही. दोन फोन किलोमीटरभर अंतराने मागे-पुढे असते तर एकाच खिडकीत दोन वेगळी शिखरं आली असती आणि एखाद्या सावध बेस स्टेशनने उत्तर देणंच टाळलं असतं. ते करायचं की नाही ही बनवणाऱ्याची निवड, मानकात तशी सक्ती नाही.

५०० व्या फ्रेमच्या सबफ्रेम ४ पासून दोघेही ऐकू लागतात. सबफ्रेम ६ ला उत्तर येतं: प्रीॲम्बल १७, टायमिंग ॲडव्हान्स १३, परवानगी, टोपणनाव, आणि सोबत २० मिलिसेकंदांचा बॅकऑफ. १३ गुणिले ७८ म्हणजे सुमारे १,०१५ मीटर, तेव्हा हे माप अ चं आहे. पण ब ला हे कसं कळावं? त्याला १७ दिसला, त्याने १७ पाठवला होता, त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. दोघेही तेच टोपणनाव घेतात, तेच माप लावतात आणि त्याच जागेवर पाठवायला सज्ज होतात. यातला एक विचित्र प्रकार असा: ब चा प्रीॲम्बल इतका क्षीण असेल की बेस स्टेशनला तो मुळीच ऐकू गेला नसेल, तरी ब ला उत्तर मिळतं. म्हणून ‘उत्तर आलं, म्हणजे माझी टकटक ऐकू गेली’ हा निष्कर्ष लॉग वाचताना कधीही पक्का धरू नका.

सहा सबफ्रेमनंतर, ५०१ व्या फ्रेमच्या सबफ्रेम २ ला, दोघांचे मेसेज ३ एकाच जागेवर एकमेकांवर पडतात. इथून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट: अ चा सिग्नल बराच जोरदार आहे, ब ची भर गोंगाटासारखी वागते, आणि बेस स्टेशन अ चे ४८ बिट वाचतं. समजा ५०२ व्या फ्रेमच्या सबफ्रेम ४ ला मेसेज ४ आला. अ जुळतो, पोच देतो, पुढे जातो. ब ला बिट जुळत नाहीत. तो टायमर संपायची वाट पाहत नाही, तिथेच प्रयत्न सोडतो. त्याने ० ते २० मधून समजा १३ काढले, तर ५०३ च्या सबफ्रेम ७ पर्यंत तो थांबतो आणि पुढचं दार ५०४ च्या सबफ्रेम १ ला मिळतं. पहिल्या टकटकीपासून ४० मिलिसेकंद गेले. फोन वापरणाऱ्याला हे जाणवणारही नाही.

दुसरी वाट: दोघांची ताकद जवळपास सारखी आहे आणि बेस स्टेशनला कोणाचंच वाचता येत नाही. ते नकार कळवतं. तो नकार दोघेही ऐकतात आणि दोघेही एकाच क्षणी पुन्हा पाठवतात. ५०१ च्या सबफ्रेम २ नंतर ५०२ ची ०, ५०२ ची ८, ५०३ ची ६. चारही वेळा दोघे खांद्याला खांदा लावून. पुनर्प्रेषणाची ही सोय एकट्या फोनच्या क्षीण सिग्नलसाठी केलेली आहे, टकरीत तिचा उपयोग कमी आणि वेळ मात्र पुरता जातो. शेवटच्या प्रेषणापासून ६४ मिलिसेकंदांचा टायमर नव्याने लागतो आणि तो संपतो ५१० व्या फ्रेमच्या सुरुवातीला. पहिल्या टकटकीपासून जवळजवळ १०० मिलिसेकंद, आणि हाती काहीच नाही. बॅकऑफ वेगळाच.

तिसरी वाट या दोहोंच्या मधली: एखाद्या पुनर्प्रेषणाला चॅनेल थोडं बदलतं, एकाचं वाचलं जातं, आणि गोष्ट पहिल्या वाटेवर येते.

हरलेला फोन परत येतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. एक, तो नवी चिठ्ठी उचलतो. दोन, त्याच्या प्रयत्नांचा आकडा वाढलेला असल्याने तो २ डीबी जास्त जोरात ठोठावतो. टकरीचं कारण कमी ताकद हे नव्हतंच, पण एलटीईचा नियम फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाला सारखंच मोजतो. गर्दीच्या सेलमध्ये यामुळे अपलिंकचा गोंगाट विनाकारण चढतो. म्हणून `powerRampingStep` ६ ठेवायचा मोह झाला तर आधी टकरींचं प्रमाण पाहून घ्या.

बॅकऑफबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे, तो असा की टकरलेल्या दोघांना वेगळं करतो तो बॅकऑफ. दोघांना वेगळं करायला नवी चिठ्ठीच पुरते, पुन्हा एकाच दारात आले तरी त्यांच्या हाती तीच चिठ्ठी येण्याची शक्यता ५२ त एक. बॅकऑफचं खरं काम गर्दी पांगवण्याचं आहे.

किती गर्दीला किती टकरी

एका दारात तुमच्याबरोबर आणखी एकच फोन असेल तर टक्कर होण्याची शक्यता ५२ त १, म्हणजे १.९ टक्के. एका दारात एकूण N फोन आणि K प्रीॲम्बल असतील तर एखाद्या ठरावीक फोनची शक्यता अशी:

```
P = 1 - (1 - 1/K)^(N-1)
```

K = ५२ धरून १० फोन घातले तर १६ टक्के, ३० घातले तर ४३ टक्के. हा आकडा एका फोनचा आहे. ‘१० पैकी कोणत्या तरी दोघांची टक्कर होईल का’ हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ६० टक्के येतं. अहवाल वाचताना यातला कोणता आकडा दिला आहे ते नीट पाहा, कारण दोन्हींना ‘टकरीची शक्यता’ असंच म्हटलेलं आढळतं.

रोजच्या वापरात फोन असे ठरवून येत नाहीत, विखरून येतात. तेव्हा हिशेब सेकंदाचा करावा. १०० दारं गुणिले ५२ प्रीॲम्बल म्हणजे सेकंदाला ५,२०० संधी. टक्कर १ टक्क्याच्या आत ठेवायची तर सेकंदाला साधारण ५२ प्रयत्न पेलतील. `prach-ConfigIndex` ६ केला की दार फ्रेममध्ये दोनदा, सबफ्रेम १ आणि ६ ला उघडतं आणि ही मर्यादा १०४ होते. मोबदला मात्र द्यावा लागतो. १० मेगाहर्ट्झच्या सेलमध्ये ५० रिसोर्स ब्लॉक असतात, त्यातले ६ दहातल्या एका सबफ्रेमला जातात ते अपलिंकचे १.२ टक्के. १४ हा क्रमांक घेतलात तर दार प्रत्येक सबफ्रेमला उघडं राहतं आणि १२ टक्के जागा टकटकीसाठीच अडकते.

हजारो उपकरणं एकाच क्षणी जागी होतात, वीज परत आली की मीटर होतात तशी, तेव्हा दारं वाढवून भागत नाही. उत्तराची खिडकी १० सबफ्रेमचीच असते, तिच्यात मोजकीच उत्तरं मावतात, आणि ज्यांना उत्तर मिळालं नाही ते ‘ऐकू गेलं नाही’ असं समजून आणखी जोरात ठोठावतात. अशा वेळी लोकांना दारापर्यंत येण्याआधीच थोपवावं लागतं. `ac-BarringFactor` ते करतो: फोन आधी स्वतःशीच एक यादृच्छिक आकडा काढतो, तो मर्यादेच्या आत आला तरच पुढे येतो, नाहीतर काही काळ थांबतो.

टक्कर आहे की दुसरंच काही: लॉग वाचताना

‘रँडम ॲक्सेस फसला’ एवढ्यावरून टकरीवर बोट ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कोणत्या पायरीवर फसला ते आधी पाहा.

प्रयत्नांचा आकडा चढतो, ताकद चढते, आणि उत्तर येतच नाही. हे टकरीचं लक्षण नाही. फोन लांब आहे, लक्ष्य ताकद कमी ठेवली आहे, किंवा `referenceSignalPower` खऱ्यापेक्षा कमी लिहिलं आहे. तो आकडा प्रत्यक्षापेक्षा ३ डीबीने कमी असेल तर फोनला वाटेतली घट ३ डीबीने कमी भासते आणि तो तेवढाच हळू ठोठावतो. अशा सेलमध्ये पहिला प्रयत्न सतत फसतो आणि दुसरा-तिसरा लागतो.

उत्तर पहिल्याच फटक्यात आलं, मेसेज ३ गेला, टायमर संपला किंवा ओळख जुळली नाही, आणि पुढचा प्रयत्न लगेच यशस्वी झाला. ही टक्कर असण्याची दाट शक्यता. ओळख जुळली नाही असं स्पष्ट दिसलं तर शंकेला जागाच नाही, कारण दुसऱ्या कोणाचे तरी ४८ बिट तुमच्या टोपणनावावर आले आहेत.

उत्तर येतं, पण मेसेज ३ दर वेळी पडतो, ओळीने तीन-चार प्रयत्न, तेही रिकाम्या सेलमध्ये. बरोबर दुसरा एकच फोन असेल तर तीनदा टक्कर होण्याची शक्यता १.९ टक्क्यांचा घन, म्हणजे लाखात एकाहून कमी. तेव्हा इथे टक्कर विसरा. अपलिंकवर बाहेरचा अडथळा आहे का पाहा, आणि फोन खिडकीच्या मर्यादेपलीकडून बोलतो आहे का, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स प्रत्यक्ष अंतराशी जुळतो का, ते तपासा.

चौथा प्रकार बेस स्टेशनच्या बाजूनेच दिसतो आणि तो सगळ्यांत फसवा. मोजणीत ओळखलेले प्रीॲम्बल भरपूर आहेत, उत्तरंही दिली आहेत, पण मेसेज ३ च्या जागी काहीच नाही. बिघडलेला सिग्नलही नाही, नुसती शांतता. टकरीत त्या जागी ऊर्जा भरपूर असते आणि वाचता येत नाही, इथे ऊर्जाच नसते. म्हणजे ज्याने टकटक केली तो तुमच्या सेलचा नव्हताच. अशा वेळी शेजारच्या सेलचा `rootSequenceIndex` पाहा. आपल्या उदाहरणात २२ पासून ५ मूळ मालिका लागतात, म्हणजे २२ ते २६. शेजाऱ्याला २४ दिला असेल तर आकडे वेगळे दिसतात, पण २४, २५ आणि २६ या तीन मालिका दोघांत सामाईक आहेत. शेजारच्या दारावरची टकटक इथेही ऐकू येते, इथून उत्तर जातं, अपलिंकची जागा राखली जाते आणि वाया जाते. शेजाऱ्याला २७ किंवा त्यापुढचा आकडा द्यायला हवा होता. खिडकी नंतर कोणी मोठी केली, समजा ५९ वरून ११९ नमुन्यांवर नेली, तर एका मालिकेतून ७ च प्रीॲम्बल निघतात, १० मालिका लागतात आणि काल ठीक असलेलं हे अंतर आज अपुरं पडतं.

शेवटी `T300` पाहायला विसरू नका. जोडणीची विनंती करताना फोन हा टायमर लावतो आणि तो संपला की सगळा खटाटोप सोडून देतो, `preambleTransMax` चे प्रयत्न उरले असले तरी. वरच्या दुसऱ्या वाटेवरची एक टक्कर जवळजवळ १०० मिलिसेकंद खाते. `T300` २०० मिलिसेकंद ठेवला असेल तर अशा दोन टकरींतच वेळ संपतो आणि १० प्रयत्नांची परवानगी कागदावरच राहते. तो ६०० किंवा १,००० करा, किंवा टकरीचा टायमर ६४ वरून खाली आणा. टायमर मात्र इतका खाली आणू नका की गर्दीच्या वेळी बेस स्टेशनचा मेसेज ४ यायच्या आधीच फोन दारातून निघून जाईल.